दहा महिने, साडेनऊ हजार किलोमीटर: आमच्या विजेच्या स्कूटरचा हिशेब

मागच्या दसऱ्याला आम्ही विजेची स्कूटर घेतली. तेव्हापासून रापणीवर, धक्क्यावर, म्हापशाच्या बाजारात जो भेटेल तो एकच विचारतो, "काय रे, परवडते काय?" प्रत्येकाला अर्धं अर्धं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. कंपनीचं नाव देत नाही. आमची एकच गाडी, तेवढ्यावरून कुणाला बरं-वाईट ठरवणं योग्य नाही.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. हरमलहून मांद्रे, शिवोली करून म्हापसा, आठवड्यातून चार दिवस. एक दिवस तिथून पुढे अस्नोड्यावरून डिचोलीला, कारण वहिनीची ठरलेली गिऱ्हाइकं तिथे आहेत. पायापाशी बर्फाची पेटी, मागे एक क्रेट, धरा पस्तीस-चाळीस किलो.

गाडीची बॅटरी २.९ युनिटची. शोरूममध्ये सांगितलं होतं एका चार्जवर १२० किलोमीटर. रिकामी गाडी, इको मोड, एकटा माणूस, तर आम्हाला ९२ पर्यंत मिळाले. माल भरला की ७२. यात फसवणूक आहे असं आम्ही म्हणत नाही, १२० हा चाचणीतला आकडा असतो, बर्फाच्या पेटीसकट काढलेला नव्हे. पण घेताना आपण आपलाच आकडा धरायला हवा.

म्हापशाची ये-जा सुमारे ५० किलोमीटर, त्यात कधीच अडचण आली नाही. डिचोलीची गोष्ट वेगळी. जाऊन-येऊन ८६ किलोमीटर. कागदावर १२० मध्ये ८६ सहज बसतात. खरं काय होतं? जाताना ४३ किलोमीटर भरलेली गाडी, म्हणजे बॅटरीचा साठ टक्के भाग गेला. येताना ४३ रिकामी, तिला सत्तेचाळीस टक्के लागतात. बेरीज शंभराच्या वर. पहिल्याच फेरीत हे कळलं. मांद्र्याच्या अलीकडे गाडी कासवाच्या चालीने आली, आणि शेवटचा अर्धा किलोमीटर ढकलली. आता वहिनी ज्यांच्या अंगणात पाटी मांडते, त्यांच्याकडेच चार्जर लावते. आमचा चार्जर तासाला साधारण वीस टक्के भरतो, म्हणजे मासळी विकून होईतो दीड-दोन तासांत काम होतं. त्या घरी विजेचे पैसे घेत नाहीत, म्हणून बांगडे पोचतात.

आता खर्च. अंदाजाने बोलायचं नाही म्हणून आम्ही प्लगला लावायचा छोटा मीटर आणला. चार्जर गरम होतो, त्यात थोडी वीज वाया जाते, त्यामुळे बॅटरीत २.९ युनिट भरायला भिंतीतून सव्वातीनच्या आसपास जातात. साडेनऊ हजार किलोमीटरला सुमारे ४०० युनिट लागले. आमच्या घरच्या बिलात वरचा स्लॅब अधिभार धरून पाच रुपयांच्या आसपास पडतो, म्हणजे झाले २,००० रुपये. जुनी पेट्रोलची स्कूटर मालासकट ४२ देत होती. तेवढ्याच अंतराला २२६ लिटर, ९६ रुपयांनी २१,७०० रुपये. फरक जवळजवळ वीस हजार. पेट्रोलच्या गाडीपेक्षा जास्त मोजलेले २२ हजार जवळपास वसूल झाले.

इथेच लोक थांबतात आणि नाचायला लागतात. आम्ही पुढचं गणित केलं. बॅटरीची वॉरंटी तीन वर्षं किंवा ५०,००० किलोमीटर, जे आधी येईल ते. त्यानंतर नवी बॅटरी आज साठ हजाराच्या घरात सांगतात. समजा ती बरोबर ५०,००० किलोमीटरवर गेली, तर किलोमीटरमागे १ रुपया २० पैसे बॅटरीचेच. पेट्रोलवर वाचतात २ रुपये ८ पैसे. म्हणजे खरी बचत ८८ पैसे. बॅटरी जास्त टिकली तर तेवढा फायदा वाढेल. पण रोज वीस किलोमीटरसुद्धा न फिरणाऱ्याने घाई करू नये. त्याची तीन वर्षं किलोमीटरच्या आधी भरतील.

फेब्रुवारीत शिवोलीच्या पुलाच्या चढावर गाडीने दम सोडला. लाल दिवा लागला, वेग दहावर. अर्धा तास थांबल्यावर परत नीट चालली. दोन दिवसांनी तसंच. डीलरने टेम्पोतून गाडी नेली, पहिल्यांदा म्हणाले बॅटरी गेली, मग म्हणाले कंट्रोलर, मग सुटा भाग यायचा आहे. एकोणीस दिवस गेले. त्या दिवसांत भावाची पेट्रोलची गाडी मागून आणली. शेवटी निघालं काय? मोटारीकडे जाणाऱ्या वायरच्या जोडात हिरवा गंज. तोही आमच्याच करणीचा. पेटीतलं खारं पाणी फळीवरून खाली गळायचं, आणि आम्ही बोट धुतात तसा पाइपचा जोराचा मारा देऊन गाडी धुवायचो.

बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. ती मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकेल असा त्याचा अर्थ. पण ती चाचणी गोड्या पाण्यात होते, आणि गाडीच्या सगळ्या जोडांना ती लागू नसते. वॉरंटीत गंज बसत नाही म्हणून वायरचे ३,८०० रुपये आम्हालाच पडले. मजुरी माफ झाली ती जॉब कार्डमुळे, कारण त्यावर पहिल्या दिवशी आम्ही लक्षणं आणि तारीख लिहून घेतली होती. तोंडी सांगून गाडी सोडली असती तर तीही भरली असती.

फरक कसा ओळखायचा, हे मेकॅनिकने सांगितलं ते लिहितो. बॅटरी खराब असेल तर टक्केवारी अचानक उडी मारते, चाळीसवरून पंधरा. नाहीतर महिन्या-महिन्याने अंतर कमी होत जातं. जोडात पाणी किंवा गंज असेल तर टक्के तसेच राहतात, पण धुतल्यानंतर किंवा चढावर ताकद जाते आणि वाळल्यावर परत येते. आमचं दुसरं होतं. आता पेटीखाली ताडपत्रीचा तुकडा, आणि गाडी ओल्या फडक्याने पुसतो.

घरी एकदा चार्जर चालेचना, लाल दिवा. आम्ही परत डीलरला शिव्या द्यायच्या तयारीत होतो. दोष घरच्या अर्थिंगचा निघाला. आपल्या किनाऱ्यावरची वाळू एप्रिल-मे मध्ये कोरडी पडते, जुन्या रॉडला ओल मिळत नाही. इलेक्ट्रिशियनने खोलवर नवी रॉड घातली, तेव्हा चार्जर सुरू झाला.

आणि बंदीचे दोन महिने. १ जून ते ३१ जुलै गाडी जवळजवळ उभीच होती. जुलैच्या मध्यात चावी लावली, स्क्रीन काळी. मोठी बॅटरी पन्नास टक्के भरलेली होती, पण दिवे आणि स्क्रीन चालवणारी वेगळी बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, ती उतरली होती. बोटीवाल्यांनो, बोटीच्या बॅटरीचा मोठा चार्जर तिला लावू नका, करंट जास्त होतो, ती फुगेल. आम्ही लावणारच होतो, शेजाऱ्याने हात धरला. डीलरकडून लहान चार्जर आणून भरली. पुढच्या बंदीत मोठी बॅटरी निम्मी भरून ठेवणार, आणि दर आठ दिवसांनी गाडी अर्धा तास सुरू करणार.

मागचा टायर नऊ हजारावर गुळगुळीत झालाय. नवा पुढच्या आठवड्यात घालतो.