गल्लीच्या टोकालाच ड्रेनेज का तुंबते?

ड्रेनेजची लाइन सर्वाधिक तुंबते ती गल्लीच्या वरच्या टोकाला, म्हणजे जिथे सांडपाणी सर्वांत कमी असते तिथे. सांडपाण्याने मैला आणि वाळू स्वतःच पुढे नेण्यासाठी त्याला सेकंदाला निदान 60 सेंटिमीटर वेग लागतो. केंद्र सरकारची मार्गदर्शिका हा वेग सुरुवातीच्या काळातल्या सर्वाधिक प्रवाहाला मिळावा असे सांगते. पण कागदावर बहुतेक वेळा पूर्ण भरलेल्या पाईपमधला वेग मोजला जातो, आणि फसगत तिथेच होते.

समजा गल्लीत वीस घरे, शंभर माणसे आहेत. माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातले 80 टक्के गटारात धरले, तर दिवसाला 10,800 लिटर होतात. सकाळच्या गर्दीत सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरला तरी सेकंदाला जेमतेम 0.38 लिटर भरतात. 150 मिलिमीटरचा पाईप शंभर मीटरला एक मीटर उताराने टाकला, तर तो भरून वाहताना सेकंदाला 15 लिटर नेईल आणि वेग 86 सेंटिमीटर असेल. प्रत्यक्षात तळाशी दीड सेंटिमीटर पाणी असते आणि त्याचा वेग 36 सेंटिमीटरच्या आसपास. मैला खाली बसतो, पाणी पुढे निघून जाते.

यावर अनेकदा मोठा पाईप सुचवला जातो. तो भरून वाहताना कमी उतारावरही पुरेसा वेग देतो, म्हणून खोदाई वाचते असे वाटते. पण 200 मिलिमीटरचा पाईप दोनशे मीटरला एक मीटर उताराने टाकला, तर हेच पाणी 27 सेंटिमीटर वेगाने सरकेल. तुंबण्याची ही हमखास वाट आहे.

मग टोकाचा पाईप स्वच्छ राहतो कसा? फ्लशच्या लाटेमुळे. ही लाट काही सेकंद दीड लिटरच्या आसपास पाणी आणते आणि अडकलेला मैला थोडा थोडा पुढे ढकलते. शंभराला एक उतारावर तिचा वेग 54 सेंटिमीटर राहतो, म्हणजे किंचित कमीच. साठाला एक उतारावर तो 65 होतो. पुढे लाट पसरून मंदावते, पण तोवर इतर घरांचे पाणी मिळालेले असते. म्हणून जास्त उतार पहिल्या 30-40 मीटरनाच द्यावा. चाळीस मीटरला त्यासाठी केवळ 27 सेंटिमीटर जास्त खोदावे लागते.

एवढे करूनही एखादा पाईप मध्येच खचला, तर त्या पोटात पाणी साचते आणि मैला तिथेच बसतो. तुमच्या गल्लीत काम सुरू असेल, तर चर बुजवण्याआधी एका चेंबरमध्ये टॉर्च आणि दुसऱ्यात आरसा धरायला लावा. आरशात पाईपचे पूर्ण वर्तुळ दिसले पाहिजे. चंद्रकोर दिसली, तर पाईप पुन्हा बसवून घ्या.