मुलाखतीचं पत्र कसं लिहावं?

‘तुमची मुलाखत मंगळवारी सकाळी ठेवली आहे, कागदपत्रे घेऊन यावे.’ अशा एका ओळीवर उमेदवार किमान चार फोन करतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

समजा, पुण्यातल्या एका कारखान्याला लेखा सहायक हवा आहे. पत्रात लिहावं: ‘मंगळवार, 16 जून 2026, सकाळी 11 वाजता, गेटवर 10.40 पर्यंत पोहोचावे.’ तारखेसोबत वार हवाच, कारण दोन्ही जुळले नाहीत तर टंकलेखनातली चूक लगेच उघडी पडते. कारखाना चाकणला आणि कार्यालय शिवाजीनगरला असेल, तर ‘प्रत्यक्ष मुलाखत’ एवढ्यावर भागत नाही. पूर्ण पत्ता आणि गेटवर कोणाचं नाव सांगायचं, तेही हवं. ऑनलाइन असेल तर लिंक त्याच पत्रात द्यावी.

पॅनेलची नावं नसली तरी चालतील, हुद्दे द्यावेत. लेखा व्यवस्थापक आणि मनुष्यबळ अधिकारी बसणार हे कळलं, की उमेदवार जीएसटी, टॅली उजळून येतो.

खरा घोळ कागदपत्रांचा. ‘सर्व मूळ प्रती’ म्हणजे नेमकं काय? नुकत्याच पास झालेल्याकडे पदवी प्रमाणपत्र नसतंच. तात्पुरतं प्रमाणपत्र चालेल का, ते स्पष्ट लिहावं. मूळ कागद पाहून लगेच परत करावेत.

शेवटी ‘12 जूनपर्यंत होकार कळवा’ असं लिहावं. उमेदवारांनीही एक लक्षात ठेवावं: मुलाखतीसाठी पैसे मागणारं पत्र आलं तर जाऊ नये.