बिलातली ओळ आणि वॉर्डातला कागद

मावशीच्या पित्ताशयात खडे निघाले आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया ठरली, तेव्हा पुण्यातल्या त्या रुग्णालयाने आम्हाला ९५ हजारांचा अंदाज लिहून दिला होता. घरी जायच्या दिवशी हातात पडलेलं बिल होतं १ लाख ३८ हजार ६४० रुपयांचं. मावसभाऊ पैसे भरायला निघालाच होता. मावशी खुर्चीत बसून होती, टाके दुखत होते, रिक्षा बाहेर थांबली होती. अशा वेळी माणूस बिल वाचत नाही, भरून मोकळा होतो. आम्ही दोन तास थांबलो आणि त्या दोन तासांत जे कळलं ते सगळ्यांना कळावं असं मला मनापासून वाटतं.

आधी अंदाज म्हणजे काय ते बघू. बिलिंगमधला माणूस आधीच्या तशाच रुग्णांच्या खर्चावरून तो काढतो आणि त्यात मोठ्या ठरलेल्या बाबी धरतो. आमच्या अंदाजात खोलीचे तीन दिवसांचे १२ हजार, सर्जनचे ३०, भूलतज्ज्ञाचे १०, ऑपरेशन थिएटरचे १५, डॉक्टरांच्या व्हिजिट आणि नर्सिंगचे ६, आणि औषधं व साहित्य मिळून 'अंदाजे' २२ हजार धरले होते. खाली बारीक अक्षरात ओळ होती : तपासण्या आणि इतर शुल्क वेगळे. ती ओळ आम्ही कोणीच वाचली नव्हती. सही मात्र केली होती.

अंतिम बिलात औषधं आणि साहित्य वेगवेगळे झाले होते, १८ हजार ९४० आणि २० हजार ५००. खोलीचे चार दिवस लागले होते, व्हिजिट आणि नर्सिंग दोन हजारांनी वाढलं होतं. शिवाय अंदाजात नसलेल्या चार ओळी होत्या : सहायक सर्जनचे ६ हजार, दुर्बिणीच्या उपकरणांचे ५ हजार, तपासण्यांचे ७ हजार २०० आणि नोंदणी, जैववैद्यकीय कचरा वगैरेंचे २ हजार.

मी आधी 'एवढं कसं झालं?' असं विचारलं. त्याला उत्तर एकच मिळतं, 'पेशंटच्या तब्येतीप्रमाणे कमीजास्त होतं, मॅडम.' हे उत्तर खरंही असू शकतं, आणि म्हणून त्यापुढे बोलणं खुंटतं. मग शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी सांगितलं, रागावू नका, तपशीलवार बिल मागा. विभागांच्या बेरजा देणारा सारांश नको, तारीखवार प्रत्येक वस्तूची ओळ असलेलं बिल हवं. त्यासोबत फार्मसीची सगळी बिलं, परत केलेल्या औषधांच्या पावत्या आणि डिस्चार्ज समरी मागा. तपशीलवार बिल हा रुग्णाचा हक्क आहे. महाराष्ट्रात २०२१ साली सुधारलेल्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी जागी लावणंही बंधनकारक आहे.

अकरा पानं आली. ती वाचण्याची रीत मला त्या दिवशी सापडली. बिलातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी दुसऱ्या विभागाच्या कागदावरून आलेली असते. औषधाची ओळ नर्सच्या औषधतक्त्यावरून, थिएटरमधली ओळ शस्त्रक्रियेच्या नोंदीवरून, तपासणीची ओळ रिपोर्टवरून. दोन कागद जुळले की ओळ खरी. जुळले नाहीत की विचारायला जागा आहे, आणि तो प्रश्न कोणालाही टाळता येत नाही.

साहित्याचंच बघा, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. हातमोजे, सिरिंज, सलाईनचे सेट, कॅन्युला, टाक्यांचे धागे, कापूस, कॅथेटर, असं वापरून टाकायचं सगळं यात येतं. आमच्या यादीत 'टायटॅनियम क्लिप, २ कार्ट्रिज' अशी ओळ होती, एकाचे १४०० रुपये. पित्ताशय काढताना त्याची नळी आणि रक्तवाहिनी बंद करायला या छोट्या क्लिपा लावतात आणि अशा एका कार्ट्रिजमध्ये सहा क्लिपा असतात. शस्त्रक्रियेच्या नोंदीत सर्जननी स्वतः लिहिलं होतं, नळीवर तीन क्लिप, रक्तवाहिनीवर तीन. म्हणजे एकूण सहा, एकच कार्ट्रिज. दुसरं उघडून हातातून निसटलं असतं तर त्याचे पैसे लागणं समजू शकतं, निर्जंतुक वस्तू एकदा फोडली की परत जात नाही. पण उघडलेल्या कार्ट्रिजचं स्टिकर थिएटरच्या कागदावर चिकटवायची पद्धत तिथे होती आणि स्टिकर एकच होतं. बिलिंगच्या ताईंनी थिएटरला फोन लावला आणि १४०० रुपये कमी झाले.

औषधांतही तेच. वॉर्डातून फार्मसीकडे मागणी जाते ती एक-दोन दिवसांची मिळून, त्यामुळे औषध बदललं किंवा रुग्ण लवकर बरा झाला की उरतं. उरलेलं फार्मसीत परत जायला हवं आणि तेवढी रक्कम बिलातून वजा व्हायला हवी. अँटिबायोटिकच्या सहा कुप्या आल्या होत्या, तक्त्यावर चारच डोसांसमोर सह्या होत्या. उरलेल्या दोन कुप्या आणि सलाईनचे न उघडलेले सेट वॉर्डातल्या ट्रेमध्येच पडून होते. परत पाठवायचे राहून गेले होते. तिथे २ हजार ३१० रुपये सुटले.

इथे एक मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. साहित्याच्या दराबद्दल भांडून सहसा काही हाती लागत नाही. छापील किमतीपेक्षा, म्हणजे एमआरपीपेक्षा, जास्त आकारणं बेकायदा आहे. एमआरपीवर वेगळा जीएसटी लावणंही चूक, कारण एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. पण एमआरपीच अवाच्या सवा छापलेली असली, तर रुग्णालय ती आकारू शकतं. औषध किमतींवर देखरेख ठेवणाऱ्या राष्ट्रीय प्राधिकरणाने २०१८ साली दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १७३७ टक्क्यांपर्यंत असल्याचं समोर आलं होतं. हा अन्यायच आहे, पण डिस्चार्जच्या काउंटरवर तो सुटत नाही. तिथे सुटतो तो नगांचा हिशेब. म्हणून 'किती रुपये?' याआधी 'किती नग?' हे विचारायचं.

उपकरणांचे ५ हजारही गेले, कारण भिंतीवरच्या दरपत्रकात ऑपरेशन थिएटरच्या पुढे 'दुर्बिणीच्या साधनांसह' असं छापलेलंच होतं. खोलीचा चौथा दिवस गेला. डॉक्टरांनी सकाळी नऊला सुट्टी दिली होती, खोलीचा दिवस दुपारी बाराला बदलत होता आणि बिल तयार झालं तीनला. उशीर आमच्याकडून झालेला नव्हता. बिलाची वेळ कागदावर छापलेली असते, ती दाखवली आणि ४ हजार वजा झाले. सहायक सर्जनचे सहा हजार मात्र राहिले. त्यांचं नाव शस्त्रक्रियेच्या नोंदीत होतं, त्यांनी काम केलं होतं. ते अंदाजात आधी सांगायला हवं होतं, एवढंच. नोंदणी आणि कचऱ्याच्या दोन हजारांवरही त्यांनी ऐकलं नाही. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत शेवटी जोडलेल्या याद्यांमध्ये फाइल उघडणं, साफसफाई, टोपी, गाऊन हे खोलीच्या भाड्यात आणि कापूस, गॉज, सर्जिकल ब्लेड हे शस्त्रक्रियेच्या शुल्कात धरलेले असतात. पण त्या याद्या विम्याच्या दाव्यासाठी आहेत. खिशातून भरणाऱ्याला त्या दाखवून आग्रह धरता येतो, हुकूम करता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक डिपॉझिटमध्ये निघाली. बिलात जमा दाखवली होती ४० हजारांची. आम्ही भरले होते ५५. पोटात असह्य दुखून रात्री अकराला मावशीला आणलं, तेव्हा तातडीच्या विभागात १५ हजार भरून घेतले होते. ती पावती बाह्यरुग्ण क्रमांकावर फाटली होती. दाखल झाल्यावर आंतररुग्ण क्रमांक वेगळा पडला आणि अंतिम बिल त्या क्रमांकावरच्या जमा रकमाच बघतं. पंधरा हजार रुपये रुग्णालयाकडेच, पण दुसऱ्या खात्यावर पडून होते. पावती नसती तर आम्हाला ते कधी कळलंही नसतं. म्हणून प्रत्येक पावतीचा फोटो लगेच काढून ठेवा, कारण परतावा देताना रुग्णालय मूळ पावत्या काढून घेतं. दुसऱ्या दिवशीच अंतरिम बिल मागून त्यात सगळ्या जमा रकमा दिसतात का ते बघा.

शेवटी बिल १ लाख २५ हजार ९३० वर आलं, त्यातून ५५ हजार वजा होऊन भरायचे राहिले ७० हजार ९३०. काउंटरवर आधी सांगितलेला आकडा होता ९८ हजार ६४०. कोणी आम्हाला लुबाडायला बसलं होतं असं मी म्हणणार नाही. बहुतेक चुका एका विभागाचा कागद दुसऱ्याकडे न पोचल्याच्या होत्या. पण त्या सगळ्या एकाच दिशेच्या, रुग्णाच्या विरुद्ध होत्या.

कॅशलेस असेल तर आणखी एक कागद वाचायचा असतो, विमा कंपनीचं अंतिम मंजुरीपत्र. त्यात कपातीच्या ओळींमध्ये 'रुग्णालयाची सवलत' अशी एक असते. ती रुग्णालयाने कंपनीशी केलेल्या करारातली सूट आहे, रुग्णाकडून वसूल करायची नाही. पण 'कंपनीने एवढे कापले, तेवढे तुम्ही भरा' असं सरसकट सांगितलं जातं. कापलेल्या रकमेतून ही ओळ वेगळी काढा. उरलेलं, म्हणजे विम्यात न बसणाऱ्या वस्तू आणि तुमचा सहभागाचा हिस्सा, तेवढंच तुमचं. मग दाखल होताना भरलेल्या डिपॉझिटमधून तेवढे वजा करून बाकी परत मागा.

काउंटरवर काही जुळेनाच, तर घरी जाणं थांबवू नका. बिलाच्या वादासाठी रुग्णाला अडवून ठेवता येत नाही, असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत स्पष्ट म्हटलं आहे. भरायची वेळ आली तर आपल्या प्रतीवर आणि त्यांच्या प्रतीवर 'अमुक ओळींवर हरकत नोंदवून रक्कम भरत आहे' असं लिहून शिक्का घ्या. आधी रुग्णालयाच्या तक्रार कक्षाकडे, मग शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आणि जिल्ह्यात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी तक्रार करता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे, मुदत दोन वर्षांची, आणि भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क नाही.

घरात कोणाची शस्त्रक्रिया ठरली असेल तर अंदाज घेताना एवढं लिहून मागा : यात साहित्य, तपासण्या, सहायक सर्जन आणि उपकरणं धरली आहेत का, आणि खोलीचा दिवस किती वाजता बदलतो. आणि डिस्चार्जच्या दिवशी ज्याला घाई नाही असा एक माणूस काउंटरवर पाठवा.