दवाखान्याची बाकी आणि मावशींचा पाय

गटाच्या बैठकीत हप्ता थकला की काय वाटतं, ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आज अशाच एका थकलेल्या पैशाची गोष्ट सांगते. हे पैसे गटाचे नव्हते, दवाखान्याचे होते.

आमच्या शेजारच्या गावात एक छोटा दवाखाना आहे. डॉक्टर, एक सिस्टर आणि हिशेबाची एक वही, एवढाच कारभार. तिथे एक मावशी पायाच्या जखमेवर ड्रेसिंग करायला जायच्या. त्यांना साखरेचा आजार आहे. आठ ड्रेसिंगचे १,२०० रुपये, औषधं आणि इंजेक्शनचे ६५०, तीन वेळा साखर तपासल्याचे १५० असे एकूण २,००० रुपये झाले. मावशींनी ८०० दिले, १,२०० राहिले.

महिन्याभराने दवाखान्यातून मेसेज गेला: ‘पायाची जखम व शुगर उपचाराची आपली थकबाकी रु. १,२०० त्वरित भरावी.’ शब्द काही वाईट नव्हते. पण वहीतला नंबर मुलाचा होता. त्याने तो पारावर, चार जणांत वाचला. सुनेला सासूची साखर कळली, सोयऱ्यांना उधारी कळली. मावशींनी दवाखान्याची पायरी चढणंच सोडलं. दोन ड्रेसिंग चुकली आणि भरत आलेली जखम पुन्हा ओली झाली. साखर असलेल्या माणसाच्या पायाची जखम अशी सोडून चालत नाही. ती चिघळली तर बोट कापायची पाळी येते.

सिस्टर माझ्याकडे आली ती वेगळ्याच कामाला. म्हणाली, “ताई, मावशी तुमच्या गटात आहेत ना? बैठकीत जरा विषय काढा.” मी नाही म्हटलं. गटाचा हप्ता गटात बोलावा, दवाखान्याची बाकी नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेतही आजाराची माहिती गुप्त राखण्याचा हक्क आहे. मग आम्ही दोघींनी बसून निरोप नव्याने लिहिला.

पहिली गोष्ट ठरवली ती ही, की फोनवर रक्कमही लिहायची नाही आणि आजारही नाही. आपल्याकडे फोन एकाचा आणि वाचणारे पाच. म्हणून मेसेज एवढाच: ‘नमस्कार, दवाखान्यातून सिस्टर बोलते. मावशींना सवड होईल तेव्हा सकाळी १० ते १ मध्ये मला फोन करायला सांगावा.’ पैशांचं बोलणं मावशींशीच करायचं, आणि चिठ्ठी त्यांच्याच हातात, पाकिटात द्यायची.

त्या चिठ्ठीत आम्ही असं लिहिलं:

‘मावशी, नमस्कार. पाय कसा आहे? वहीप्रमाणे एकूण २,००० रुपये झाले. त्यातले ८०० तुम्ही दिलेत, १,२०० बाकी दिसतात. हिशेबात काही चुकलं असेल किंवा तुम्ही मध्ये पैसे दिले असतील तर सांगा, आपण वही मिळून पाहू. एकदम जमत नसेल तर महिन्याला ३०० दिले तरी चालतील. बाकी आहे म्हणून ड्रेसिंग थांबवू नका. पैसे नसले तरी या.’

यात ‘बाकी दिसतात’ हा शब्द मी मुद्दाम घालायला लावला. वहीसुद्धा चुकू शकते. सिस्टर गडबडीत असताना कुणी पन्नास-शंभर देऊन जातं आणि ते लिहायचं राहतं. ‘थकवलेत’ म्हटलं की माणूस आधीच चोर ठरतो. आणि ‘लवकरात लवकर सहकार्य करावे’ हे गोड वाटतं खरं, पण त्यातून किती द्यायचे, कधी द्यायचे, काहीच कळत नाही. ३०० म्हटलं की बाई मनात लगेच जुळवणी करते, दुधाच्या बिलातून निघतील का म्हणून.

शेवटची दोन वाक्यं लिहिण्याआधी मात्र सिस्टरने डॉक्टरांना विचारलं. ‘पैसे नसले तरी या’ लिहायचं आणि दारात अडवायचं, असं झालं तर पहिला मेसेजच बरा म्हणायचा. डॉक्टर थोडे कुरकुरले. औषधवाल्याचं बिल त्यांनाही भरायचं असतं, तेही खोटं नाही. पण हो म्हणाले. एका चिठ्ठीने सगळी उधारी वसूल होत नाही, हेही त्यांना माहीत आहे. दुसरी आठवण महिन्याने, तीही सिस्टरनेच आणि एकांतात करायची असं ठरलं.

आता त्या दवाखान्यात नवीन केसपेपर काढताना सिस्टर विचारते, “हा फोन तुमचा की घरातल्या कुणाचा? निरोप कुणाजवळ दिलेला चालेल?” उत्तर वहीत नंबरासमोरच लिहिते. तुमच्या गावच्या दवाखान्यात कुणी विचारलं नाही, तर आपणच आधी सांगून ठेवा.

मावशींनी फोन केला चौथ्या दिवशी, शेजारणीच्या मोबाईलवरून. पुढच्या सोमवारी ड्रेसिंगला गेल्या. दुधाचं बिल झालं तेव्हा ३०० दिले आणि वही उघडायला लावून आपल्या डोळ्यांदेखत लिहून घेतले.