बदलीच्या पत्रातला एक शब्द

पुण्यातलं एक केंद्र सरकारी कार्यालय उदाहरणादाखल डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरातल्या एका दुपारी तिथे दोघांच्या बदलीचे आदेश येतात. दोघंही लेव्हल ७ वर, दोघांचं मूळ वेतन ६०,४०० रुपये, दोघांनाही नागपूरला जायचंय. आदेशाचा मसुदाही एकच. फरक फक्त एका शब्दाचा. एकाच्या आदेशात ‘लोकहितार्थ’ असं लिहिलंय, दुसऱ्याच्या आदेशात ‘स्वतःच्या विनंतीवरून’. पहिला कपाळाला हात लावतो, कारण त्याची बायको पुण्यात बँकेत आहे आणि मुलगी दहावीला. दुसरा पेढे वाटतो, कारण त्याची बायको नागपुरात शिक्षिका आहे आणि तीन वर्षांच्या अर्जविनंत्यांना फळ आलंय.

आता दोघांच्या खिशाचा हिशेब मांडू. पेढे वाटणाऱ्याच्या हाती बदलीपोटी सर्वसाधारणपणे एक रुपयाही पडणार नाही. रुजू होण्यासाठीचे पगारी दिवससुद्धा मिळणार नाहीत. सामान हलवायला त्याला स्वतःची रजा काढावी लागेल. खास कारणं नोंदवून सक्षम अधिकाऱ्याने अपवाद केला तरच गोष्ट वेगळी. राज्य सरकारच्या कचेऱ्यांत यालाच ‘प्रशासकीय बदली’ आणि ‘विनंती बदली’ म्हणतात. कर्मचाऱ्यांच्या गप्पांत या दोन शब्दांतलं अंतर पुणे-नागपूरपेक्षा कमी नसतं.

पहिल्याला काय मिळतं? सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये निघालेल्या आदेशानुसार, नवं ठिकाण २० किलोमीटर किंवा त्याहून लांब असेल आणि घर खरोखर हलवावं लागत असेल, तर मूळ वेतनाच्या ८० टक्के एकरकमी बदली अनुदान मिळतं. ६०,४०० चे ८० टक्के म्हणजे ४८,३२० रुपये. या रकमेच्या पावत्या कुणी मागत नाही. गॅसची जोडणी, नव्या घरात वाकडे लटकणारे पडदे, फुटलेली बरणी, सगळं यातच भागवायचं. बदली त्याच शहरात किंवा २० किलोमीटरच्या आत झाली आणि तरीही घर बदलावं लागलं, तर अनुदानाचा तिसरा हिस्सा मिळतो.

सामानाचा खर्च वेगळा, आणि तिथे मात्र पावती लागते. लेव्हल ६ पासून वरच्यांना सहा हजार किलोपर्यंत सामान नेता येतं. ते रस्त्याने नेलं तर २०१७ च्या आदेशात किलोमीटरला ५० रुपयांची मर्यादा होती, आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की दर पाव पटीने वाढवायची तरतूदही त्यातच आहे. सोपेपणासाठी मूळचाच दर धरू. पुणे ते नागपूर रस्त्याने अंदाजे ७०० किलोमीटर, म्हणजे कमाल ३५,००० रुपये. पण ही मर्यादा आहे, हक्काची रक्कम नव्हे. टेम्पोवाल्याने ३१,००० घेतले तर ३१,०००च मिळतात. त्याने ४२,००० घेतले तरी ३५,०००च. बिलं अडतात ती बहुधा इथेच. घरोघरी सामान हलवणारा माणूस साध्या कागदावर आकडा लिहून देतो, त्यावर ना गाडीचा नंबर ना वजन, आणि लेखा शाखा तो कागद परत पाठवते. प्रवास पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत बिल सादर करायचं असतं. मार्च २०१८ पूर्वी त्यासाठी वर्षभराची मुदत होती. ती जुनी सवय अनेकांना अजून महागात पडते.

एक वजाबाकी मात्र आदेशात कुठेच दिसत नाही. घरभाडे भत्त्यासाठी पुणे पहिल्या वर्गाच्या आठ शहरांत मोडतं, नागपूर दुसऱ्या वर्गात. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यावर या वर्गांचे दर अनुक्रमे ३० आणि २० टक्के झाले. म्हणजे नागपुरात या माणसाचा भत्ता महिन्याला ६,०४० रुपयांनी घटला. बायको-मुलगी पुण्यातच राहिल्या तर पुण्याचं भाडं काही घटत नाही, शिवाय नागपुरात एक खोली घ्यावी लागते. ४८,३२० च्या अनुदानातून ही घट भरून काढायची म्हटलं तर ते आठ महिने पुरेल.

आता दिवसांकडे वळू. १९७९ च्या नियमांनुसार अंतर हजार किलोमीटर किंवा त्याहून कमी असेल तर रुजू होण्यासाठी दहा दिवस मिळतात, हजार ते दोन हजारसाठी बारा आणि त्यापुढे पंधरा. या दिवसांचा पगार चालू राहतो, सेवाही मोजली जाते. मोजणी सुरू होते ती पदभार सोडल्यापासून. आदेशावरची तारीख त्यासाठी धरत नाहीत. सकाळी पदभार सोडला तर तोच दिवस पहिला, दुपारनंतर सोडला तर दुसरा दिवस पहिला. आपला माणूस शुक्रवारी संध्याकाळी कार्यमुक्त झाला, म्हणजे शनिवार पहिला दिवस आणि पुढच्या आठवड्यानंतरचा सोमवार दहावा. त्याला मंगळवारी हजर व्हायचंय.

पण अनुभवी लोक दहाही दिवस खर्चत नाहीत. शनिवार-रविवारी बॅग भरायची, मंगळवारपर्यंत नागपुरात तात्पुरती सोय लावायची आणि बुधवारी सकाळी रुजू व्हायचं. चार दिवस वापरले, सहा उरले. हे सहा बुडत नाहीत, अर्जित रजेच्या खात्यात जमा होतात. एप्रिलमध्ये घर हलवायला नेमकी तीच रजा कामी येते. सेवापुस्तकात त्यांची नोंद झाली की नाही, हे मात्र स्वतः बघावं लागतं. जुनं कार्यालय म्हणतं नवं करेल, नवं म्हणतं जुन्याने करायला हवी होती.

मुलीच्या दहावीचं काय? नियम कुटुंबाला एकत्रच निघायला लावत नाही. घरची माणसं कर्मचाऱ्याच्या महिनाभर आधी किंवा त्याच्यानंतर सहा महिन्यांपर्यंत गेली तरी त्यांचं प्रवासभाडं मिळतं. डिसेंबरात तो गेला, मार्चमध्ये परीक्षा आटोपली, एप्रिलमध्ये टेम्पो निघाला, तर सगळं मुदतीत बसतं. शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर बदली शक्यतो टाळावी, असं सर्वोच्च न्यायालयानेही १९९४ मध्ये एका प्रकरणात म्हटलं होतं. मात्र कामाची निकड असेल तर गोष्ट वेगळी, हेही त्याच दमात.

पती-पत्नींना एका ठिकाणी ठेवण्याबद्दल केंद्राच्या कार्मिक विभागाची परिपत्रकं आहेत. त्यांतलं ३० सप्टेंबर २००९ चं सगळ्यांच्या तोंडी असतं. अपंग मुलाची किंवा नातलगाची देखभाल करणाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदल्यांतून सूट मागता येते, तेही २०१४ पासून लेखी आहे. पण परिपत्रक हाती धरून न्यायालयात जाणाऱ्यांची बहुतेकदा निराशा होते. १९९३ च्या एस. एल. अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी मार्गदर्शक तत्त्वं प्रशासनाने विचारात घ्यावीत, पण त्यांतून कर्मचाऱ्याला लागू करून घेता येईल असा हक्क निर्माण होत नाही. आकसाने केलेली किंवा कायद्यातली तरतूद मोडणारी बदली सोडली, तर न्यायालयं सहसा हात घालत नाहीत.

इथेच या व्यवस्थेतली जुनी विसंगती उघडी पडते. कुटुंबाचा विचार करा असं सरकारच सांगतं, पण कुटुंबासाठी अर्ज केला की आदेशावर ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असा शिक्का बसतो आणि भत्ते जातात. टपाल खात्यात तर ‘रूल ३८’खाली बदली मागणारा नव्या विभागात ज्येष्ठता यादीच्या तळाशी जातो. दहा-पंधरा वर्षांची ज्येष्ठता घर एकत्र येण्यासाठी सोडून द्यायची, हा सौदा अनेक टपाल कर्मचाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून केला आहे. स्वेच्छेने मागितल्यावर सवलत कसली, हा प्रशासनाचा युक्तिवाद पैशांपुरता समजण्यासारखा आहे. ज्येष्ठतेपुरता तो फार कठोर वाटतो.

राहिला नवा साहेब. आदेशात बहुधा त्याचं नाव नसतं, फार तर पदनाम असतं. तो कोण, यापेक्षा तो कधीपासून आपला साहेब झाला, हे जास्त महत्त्वाचं. केंद्र सरकारात वार्षिक कामगिरी अहवालाचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं आणि अहवाल लिहिण्यासाठी त्या अधिकाऱ्याने किमान तीन महिने काम पाहिलेलं असावं लागतं. आपला माणूस डिसेंबरच्या मध्यात रुजू झाला, म्हणजे वर्षाचे दोन अहवाल होतील. एप्रिल ते डिसेंबरचा पुण्याचा साहेब लिहील, उरलेल्या साडेतीन महिन्यांचा नागपूरचा. तोच जानेवारीच्या मध्यात रुजू झाला असता तर नागपूरच्या साहेबाला त्या वर्षाचा अहवाल लिहिताच आला नसता. म्हणून निघण्यापूर्वी पुण्याच्या काळाचं स्वयंमूल्यमापन लिहून देणं शहाणपणाचं. निरोप समारंभात हार घालणारा साहेब वर्षभरात निवृत्त होतो, आणि नंतर त्याच्या शेऱ्यासाठी त्याच्या घरी खेटे घालावे लागतात.

खासगी कंपनीत यातलं काहीच कायद्याने ठरलेलं नाही. स्थलांतर भत्ता किती, रुजू व्हायला दिवस किती, मधल्या दिवसांचा पगार कुणाच्या खात्यातून, नवा मॅनेजर कोण आणि त्या वर्षाचं अप्रेझल जुन्याने करायचं की नव्याने, हे सगळं पत्रात लिहिलेलं असेल तरच ठरलेलं असतं. एचआरने फोनवर सांगितलं होतं, या वाक्याला पुढे कुणी विचारत नाही. भत्ता घेतल्यावर वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करावा लागेल, अशी ओळ मात्र बऱ्याच पत्रांत न चुकता सापडते.

आदेश चुकीचा वाटला तर दाद मागता येते, पण घरी बसून नव्हे. नुसता विनंतीअर्ज दिला म्हणून बदलीचा आदेश थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये गुजरात वीज मंडळाच्या खटल्यात स्पष्ट केलं. रुजू न झालेल्या त्या कर्मचाऱ्याची सेवासमाप्ती न्यायालयाने कायम ठेवली. त्यामुळे पत्र हातात पडलं की आधी तो एक शब्द शोधा. तो नसेल किंवा चुकीचा असेल, तर दुरुस्ती लेखी मागा आणि अर्जावर पोचेचा शिक्का घ्या, तोही पदभार सोडण्यापूर्वी.