दोन मित्रांची भेट आणि एक चौरस

मागच्या वेळी आपण संभाव्यता मोजताना शक्य घटना एकेक करून मोजत होतो. फाशाला सहा बाजू, त्यातल्या किती आपल्या बाजूच्या, वगैरे. आज असं उदाहरण घेऊ, की जिथे मोजायला बसलो तर मोजणी कधी संपणारच नाही.

समजा, दोन मित्रांनी ठरवलं की संध्याकाळी पाच ते सहाच्या दरम्यान अप्पा बळवंत चौकात भेटायचं. नक्की वेळ ठरलेली नाही. जो आधी पोचेल त्याने १५ मिनिटं वाट पाहायची आणि निघून जायचं. दोघांच्याही येण्याला तासातला कुठलाही क्षण सारखाच शक्य आहे, आणि एकाच्या येण्याचा दुसऱ्याच्या येण्याशी काही संबंध नाही. तर भेट होण्याची शक्यता किती?

पुष्कळ जण चटकन सांगतात, की निम्मी. त्यांचं म्हणणं असं: मी आलो, तर माझ्या आधीची १५ मिनिटं आणि नंतरची १५ मिनिटं, अशी ३० मिनिटं माझ्या कामाची. साठातली तीस म्हणजे निम्मी. हे ऐकायला बरोबर वाटतं. ते कुठे चुकतं, ते चित्र काढल्यावर दिसेल.

फळ्यावर ६० बाय ६० चा एक चौरस काढू. आडव्या बाजूवर पहिल्या मित्राची वेळ, उभ्या बाजूवर दुसऱ्याची, दोन्ही पाच वाजल्यापासूनच्या मिनिटांत. पहिला ५:१० ला आला, दुसरा ५:४० ला, तर तो दिवस म्हणजे (१०, ४०) हा एक बिंदू. म्हणजे दोन माणसांची एक संध्याकाळ हा चौरसातला एक बिंदू झाला. बिंदू अगणित आहेत, ते मोजता येत नाहीत. पण त्यांनी व्यापलेली जागा मोजता येते.

आता भेट कुठल्या बिंदूंवर होते? दोन वेळांमधलं अंतर १५ किंवा त्याहून कमी असेल तिथे. दोघे एकाच क्षणी आले तर बिंदू कर्णावर पडतो. कर्णाच्या दोन्ही बाजूंना पसरलेला एक तिरपा पट्टा, तो भेटीचा. पट्टा सोडून उरतात दोन कोपऱ्यांतले दोन काटकोन त्रिकोण, प्रत्येकाच्या काटकोनाच्या बाजू ४५ मिनिटांच्या. हे दोन त्रिकोण एकमेकांना जोडले की ४५ बाय ४५ चा चौरस होतो, क्षेत्रफळ २०२५. पूर्ण चौरस ३६००. वजा केले की पट्टा उरतो १५७५. त्याला ३६०० ने भागलं की ७/१६, म्हणजे शंभरात साधारण ४४. निम्म्याहून कमी.

‘निम्मी’ म्हणणारे कुठे फसले? जो ५:०५ ला येतो त्याच्या आधीची १५ मिनिटं नाहीतच, फक्त पाच आहेत. ५:५५ ला येणाऱ्याचंही तसंच. तो ६:१० पर्यंत थांबेल, पण सहानंतर कोणी येणार नाही. मधल्या अर्ध्या तासात येणाऱ्याला पूर्ण ३० मिनिटं मिळतात, कडेच्या १५-१५ मिनिटांत येणाऱ्याला सरासरी साडेबावीसच. चित्रात हे तिरप्या पट्ट्याची टोकं कापली गेल्यासारखं दिसतं. भेट खरोखरच निम्म्या वेळा व्हायची असेल, तर दोघांनी साडेसतरा मिनिटांहून किंचित जास्त थांबायला हवं.

इथपर्यंत गणित झालं. आता आपला खरा प्रश्न. क्षेत्रफळाला शक्यता म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? तो ‘सारखाच शक्य’ आणि ‘संबंध नाही’ या दोन शब्दप्रयोगांनी दिला. ते काढून पाहा. समजा, दोघेही मधल्याच अर्ध्या तासात, साडेपाचच्या आगेमागे येणारे आहेत. आता चौरस उरला ३० बाय ३० चा, आणि भेटीची शक्यता झाली ३/४. उलट, एक नेहमी पहिल्या अर्ध्या तासात येणारा आणि दुसरा नेहमी दुसऱ्या, तर ती होते फक्त १/८. चौक तोच, १५ मिनिटं तीच. आणि दोघे एकाच बसने येत असतील, तर सगळे बिंदू कर्णावरच जमा होतात आणि भेट ठरलेलीच. क्षेत्रफळ मात्र तिथे शून्य मोजलं जाईल, कारण रेषेला क्षेत्रफळ नसतं.

जोसेफ बर्त्राँ या फ्रेंच गणितज्ञाने १८८९ मध्ये हीच अडचण वर्तुळाच्या जीवेवर दाखवली होती. ‘यदृच्छया एक जीवा काढा’ एवढंच म्हटलं, तर एकाच प्रश्नाची १/२, १/३ आणि १/४ अशी तीन उत्तरं निघतात, कारण जीवा कशी निवडायची ते सांगितलेलंच नसतं.

तेव्हा ७/१६ हे उत्तर अचूक आहे, पण ते आपण काढलेल्या चौरसाबद्दल अचूक आहे. मित्र त्या चौरसात सारखे पसरले आहेत की नाही, हे भूमिती सांगत नाही. ते पाहायला चौकातच जावं लागतं, आणि तेही पुष्कळ संध्याकाळी. पुढच्या व्याख्यानात बर्त्राँच्या तीन जीवा फळ्यावर काढून पाहू.