मानपत्र नंतर, आधी शिष्य

क्रीडा प्रशिक्षकाच्या सत्कारात सूत्रसंचालक बहुधा पुरस्कारांची यादी वाचतो आणि मग शिष्यांची नावे घेतो. सभागृह टाळ्या वाजवते, पण उत्सवमूर्तीने नेमके केले काय, हे कुणालाच कळत नाही.

रमाकांत आचरेकरांचेच उदाहरण घ्या. स्वतः ते प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. खेळाडू म्हणून त्यांचा परिचय दोन वाक्यांत संपेल. शिष्यांची नावे मात्र संपता संपत नाहीत: तेंडुलकर, कांबळी, आमरे, पंडित, आगरकर. ही सगळी वाचली की परिचय होतो तो शिष्यांचा, आणि सर बाजूलाच राहतात.

त्यापेक्षा एकच शिष्य घ्यावा आणि त्याच्या गोष्टीत सर दिसू द्यावेत. शिवाजी पार्कवर दिवसभर खेळून सचिन दमला की आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो सचिनला बाद करील, त्याचे नाणे. शेवटपर्यंत नाबाद राहिला, तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. दमलेल्या पोराकडून एकाग्रता कशी काढून घ्यायची, हे त्या नाण्यातून श्रोत्यांना लगेच उमगते. ‘शिस्तप्रिय’ हे विशेषण मग लागतच नाही.

दुसरा प्रसंग १९८८ च्या हॅरिस शील्डचा. शारदाश्रमच्या सचिन आणि विनोद यांची ६६४ धावांची अखंड भागीदारी सर्वांना पाठ आहे. पण प्रशिक्षकाची ओळख करून देताना आकडा पुरत नाही. विनोद ३४९ वर होता, आणखी एक धाव हवी होती. आचरेकरांनी फोनवरूनच डाव घोषित करायला लावला. सांगायचे ते हे.

त्याच सामन्यात अमोल मुजुमदार पॅड बांधून बसून राहिला. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, तरी भारतीय संघात त्याला कधीच जागा मिळाली नाही. परिचय लिहिणारे असे नाव सहसा गाळतात. खरे तर तेच ठेवावे: २०२५ मध्ये महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्याचा प्रशिक्षक मुजुमदारच होता. गुरूच्या हातून प्रशिक्षकही घडतो, हे तारांकित नावांच्या यादीत दिसत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. खेळाडू अनेक हातांतून जातो. सचिनला आचरेकरांकडे आणले ते थोरल्या भावाने, अजितने. ‘यांनीच घडवले’ असे ठोकून द्यायच्या आधी शिष्यालाच फोन करून विचारावे, सरांनी तुझे काय बदलले? उत्तर बहुधा चार ओळींचे येते, आणि तेवढे व्यासपीठावर पुरते. द्रोणाचार्य १९९०, पद्मश्री २०१०, ही नोंद शेवटी, शाल आणेपर्यंतच्या वेळात वाचावी.